टोकन मशीनची फाइल, चार नंबरचं काउंटर आणि खरी वाट पाहण्याची वेळ

प्रश्न: आमची शाखा सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला आहे. टोकन मशीनमधून महिन्याची सीएसव्ही फाइल निघते. रिजनल ऑफिसने तासवार आणि काउंटरवार सरासरी वेटिंग टाइम मागितलाय. पिव्होट टेबल लावलं तर चार नंबरचं काउंटर सगळ्यात वाईट दिसतंय, पण तिथं बसणारे सर तर सगळ्यात कामसू आहेत. माझं कुठं चुकतंय?

उत्तर:

चार नंबरच्या सरांना अजून काही कळवू नका. मी स्वतः एकदा असाच तक्ता वरच्या साहेबांपुढे ठेवला होता आणि एका भल्या माणसाला विनाकारण खुलासा लिहावा लागला. ती गोष्ट पुढे येईलच.

तुमचं पिव्होट बहुधा बरोबर आहे, घोटाळा त्याच्या अर्थात आहे. गिऱ्हाईक काउंटरसाठी थांबत नाही, ते रांगेत थांबतं. टोकन घेताना आपल्याला एक नंबर बोलावणार की दोन, हे त्याला माहीत नसतं आणि मशीनलाही नसतं. काउंटरचा नंबर त्या ओळीत येतो तो बोलावणं झाल्यावर, म्हणजे वाट पाहणं संपल्यावर. कॅशची एकच रांग एक आणि दोन नंबर मिळून काढत असतील, तर एक जण झपाझप काम करणारा आणि दुसरा निवांत असला तरी दोघांपुढची सरासरी वाट जवळपास सारखीच निघते, कारण दोघंही त्याच रांगेतला पुढचा माणूस उचलतात. उलट पेन्शनची टोकनं फक्त चार नंबरकडे जात असतील, तर त्या रांगेचं सगळं दुखणं चार नंबरच्या नावावर चढतं. तेव्हा आधी मशीनच्या सेटिंगमध्ये कुठली सेवा कुठल्या काउंटरला जोडली आहे ते बघा. वाट पाहण्याची सरासरी सेवा आणि तास यांवर काढायची. काउंटरचे आकडे वेगळे असतात, ते नंतर बघू.

आधी फाइलच साफ करू. नमुन्याला सहा ओळी घेतो. आकडे समजायला सोपे केलेत, पण अशा फायलींमध्ये जे हटकून दिसतं ते सगळं यात आहे:

```
date,token,service,issue,call,end,counter,status
04-03-2024,C041,CASH,11:02:10,11:31:40,11:34:50,2,DONE
04-03-2024,C042,CASH,11:03:00,11:33:00,11:33:12,1,DONE
04-03-2024,C043,CASH,11:04:30,11:33:30,11:37:50,1,DONE
04-03-2024,C044,CASH,11:06:00,11:35:00,,2,RECALL
04-03-2024,C044,CASH,11:06:00,11:36:30,11:40:10,2,DONE
04-03-2024,P017,PENSION,11:05:00,12:14:00,12:19:30,4,DONE
```

सहाही ओळींची सरसकट सरासरी काढली तर ३६ मिनिटं येते. पण C044 दोनदा आलंय, कारण पहिल्यांदा पुकारल्यावर कोणी उठलं नाही आणि दुसऱ्यांदा बटण दाबावं लागलं. माणूस एकच आहे, आणि शाखेने त्याला थांबवलं ते पहिल्या पुकाऱ्यापर्यंत, म्हणजे २९ मिनिटं. म्हणून पहिली ओळ ठेवायची. C042 बघा. बोलावल्यापासून १२ सेकंदांत काम पूर्ण! बारा सेकंदांत नोटा मोजून होत नाहीत. तिथं कोणी आलंच नाही आणि पुढचं टोकन यावं म्हणून सरांनी ‘पूर्ण’ दाबलं. मशीनमध्ये ‘गैरहजर’ असं वेगळं बटण असतं, ते दाबलं की status मध्ये NOSHOW येतं, पण गर्दीत ते कोण शोधत बसणार.

या दोन ओळी काढल्या की उरलेल्या चौघांची सरासरी ३९ मिनिटं येते, आणि हा आकडासुद्धा कुचकामी आहे. कॅशचे तिघं २९ मिनिटांच्या आसपास थांबले आणि पेन्शनवाली बाई ६९ मिनिटं. ३९ मिनिटं कोणीच थांबलं नाही. सेवा वेगवेगळ्या केल्याशिवाय तासाची सरासरी काढू नका म्हणतो ते यासाठी.

एक्सेलमध्ये वरचे रकाने A ते H मध्ये आले असं धरा. फाइल आधी तारीख आणि मग बोलावण्याची वेळ या क्रमाने लावून घ्या, नाहीतर ‘पहिली ओळ’ ओळखता येणार नाही. मग I मध्ये मिनिटं, J मध्ये तास आणि K मध्ये ओळ ठेवायची की नाही:

```
I2: =(E2-D2)*1440
J2: =HOUR(D2)
K2: =IF(AND(COUNTIFS(A$2:A2,A2,B$2:B2,B2)=1,
      COUNTIFS(A:A,A2,B:B,B2,H:H,"NOSHOW")=0,
      OR(F2="",F2-E2>=TIME(0,0,30))),1,0)

=AVERAGEIFS(I:I,C:C,"CASH",J:J,11,K:K,1)
```

टोकन नंबर रोज सकाळी पुन्हा एकपासून सुरू होतो, म्हणून तारीख आणि टोकन दोन्ही मिळून ओळख धरली आहे. ३० सेकंदांची मर्यादा कॅशसाठी आहे. नुसतं पासबुक छापायचं असेल तर त्याहून लवकर होऊ शकतं, तेव्हा प्रत्येक सेवेच्या वेळा चढत्या क्रमाने लावून बघा. खोट्या ओळी सगळ्यात वर पाच-दहा सेकंदांत घोळक्याने दिसतात, मग थोडी मोकळी जागा, आणि मग खरी कामं सुरू होतात. मर्यादा त्या मोकळ्या जागेत ठेवा.

फाइल उघडताना दोन ठिकाणी हमखास ठेच लागते. लॅपटॉपचं रीजन सेटिंग अमेरिकेचं असलं तर ४ मार्च हा ३ एप्रिल होतो, आणि १३ तारखेपासून पुढच्या तारखा डावीकडे चिकटून नुसता मजकूर म्हणून राहतात. दुसरी ठेच वेळेची. काही मशीनं बारा तासांच्या घड्याळाने वेळ देतात आणि सकाळ-दुपार लिहीतच नाहीत. मग १२:५० ला घेतलेलं टोकन ०१:१५ ला बोलावलं की वाट उणे ६९५ मिनिटं येते. I रकाना चढत्या क्रमाने लावला की असले आकडे सगळ्यात वर येऊन बसतात. बँकेत सकाळी आठच्या आधी कोणी टोकन घेत नाही, त्यामुळे आठपेक्षा कमी तास दिसला की त्यात अर्धा दिवस मिळवायचा. D, E आणि जिथं भरलेला असेल तिथं F, तिन्हींना हे करा, मग फाइल पुन्हा तारीख आणि बोलावण्याची वेळ या क्रमाने लावा:

```
=IF(HOUR(D2)<8,D2+0.5,D2)
```

उणे आकडे लहान असतील, दोन-चार मिनिटांचे, तर गोष्ट वेगळी. टोकन देणाऱ्या मशीनचं घड्याळ आणि काउंटरच्या कॉम्प्युटरचं घड्याळ जुळत नाही. मशीनचं घड्याळ पुढे असेल तर उणे आकडे येतात आणि लगेच पकडता येतं. मागे असेल तर कोणालाच कळत नाही, प्रत्येकाची वाट तेवढी जास्त दिसते. यावर माझी युक्ती अशी: दुपारी साडेतीननंतर हॉल रिकामा असतो तेव्हाची टोकनं बघायची. त्या वेळी टोकन घेतलं की लगेच बोलावणं येतं, म्हणजे सगळ्यात कमी वाट शून्याजवळ हवी. महिनाभरात ती कधीच सहा मिनिटांच्या खाली गेली नसेल, तर मशीन सहा मिनिटं मागे आहे असं समजा आणि जाऊन प्रत्यक्ष घड्याळ बघून या.

आता तास. J मध्ये मी टोकन घेतल्याचा तास धरलाय, बोलावल्याचा नाही. बरीच तयार सॉफ्टवेअरं बोलावल्याचा तास धरतात आणि तिथं मोठी फसगत होते. आपल्या P017 कडे बघा. ती बाई ११:०५ ला आली आणि तिला १२:१४ ला बोलावलं. बोलावल्याचा तास धरला तर तिची ६९ मिनिटं बाराच्या खात्यात जातात आणि अकराचा तास स्वच्छ दिसतो. मग बाराला जादा माणूस बसवायचा हुकूम निघतो, पण तोवर तिचा बहुतेक वेळ अकराच्या तासात जाऊन चुकलेला असतो. टोकन घेतल्याचा तास धरला की ‘अकराला आलेल्याला किती थांबावं लागतं’ याचं सरळ उत्तर मिळतं.

माणूस कधी बसवायचा हे ठरवायला मात्र सरासरीपेक्षा एक सोपा आकडा बरा, तो म्हणजे त्या क्षणी हॉलमध्ये किती जण ताटकळलेत. L रकान्यात १०:००, १०:१५, १०:३० अशा वेळा लिहा, M1 मध्ये तारीख, आणि:

```
=COUNTIFS(A:A,M$1,C:C,"PENSION",D:D,"<="&L2,E:E,">"&L2,K:K,1)
```

ज्यांनी टोकन घेतलंय पण अजून बोलावणं आलेलं नाही, तेवढे मोजले जातात. कंटाळून निघून गेलेले यात येत नाहीत, त्यामुळे आकडा थोडा कमीच असतो. पण रांग कुठल्या पाव तासात फुगायला लागली ते यात डोळ्यांना दिसतं.

महिन्याची सरासरी काढताना रोजच्या सरासऱ्यांची सरासरी काढू नका. समजा, पहिल्या आठवड्यातल्या सोमवारी दहाच्या तासात ९० टोकनं निघाली आणि सरासरी वाट ४० मिनिटं. पुढच्या एखाद्या गुरुवारी ३० टोकनं आणि ८ मिनिटं. दोन दिवसांची सरासरी केली तर २४ येते. पण थांबलेल्या १२० जणांची सगळी मिनिटं मिळवून भागलं तर ३२ येते. गर्दीच्या दिवशी जास्त लोक थांबलेले असतात, तेव्हा त्यांचं वजनही जास्तच हवं. वरचं AVERAGEIFS मूळ ओळींवर चालतं म्हणून ते बरोबर देतं. घोळ होतो तो रोजचा तक्ता करून त्यावर पुन्हा AVERAGE लावला की.

आणि मी तर या दोन प्रकारच्या दिवसांचा एकच आकडा द्यायलाच नको म्हणेन. तुमच्या भागात विडी कामगार बायकांची आणि गिरणी-यंत्रमागातून निवृत्त झालेल्यांची पेन्शन खाती पुष्कळ असणार. १ ते ५ तारीख वेगळी शाखा आणि बाकीचा महिना वेगळी शाखा, असं समजून दोन तक्ते करा. नोव्हेंबर हयातीच्या दाखल्यांचा, तो तर तिसराच. जानेवारीत गड्ड्याची यात्रा असते ते दिवसही साध्या सरासरीत मिसळू नयेत. दुसरा आणि चौथा शनिवार बंद असतो, त्यामुळे त्याला लागून येणारा सोमवार इतर सोमवारांपेक्षा जड जातो का तेही बघा.

सकाळचा दहाचा तास जपून वाचा. उन्हाळ्यात आपल्याकडे म्हाताऱ्या बायका ऊन चढायच्या आत म्हणून नऊलाच दाराशी येऊन बसतात. मशीन पावणेदहाला चालू होत असेल तर त्यांचा पाऊण तास कुठेच नोंदलेला नसतो. उलट वॉचमनने पावणेदहाला टोकनं वाटली, तर दार उघडण्याआधीची पंधरा मिनिटं शाखेच्या वाट पाहण्यात मोजली जातात. दोन्ही खरंच आहे, पण ‘दहाच्या आधीची टोकनं’ असा वेगळा रकाना करा. दहा ते अकराच्या सरासरीत ती घातली की तो तास उगाच बदनाम होतो.

निघून गेलेल्यांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण सरासरी सगळ्यात जास्त खोटं बोलते ती इथं. ज्यांना फार थांबावं लागतं तेच कंटाळून जातात. त्यांच्या ओळी काढल्या की सरासरी आपोआप गोड होते. वाट जितकी वाईट, तितके लोक जास्त जातात आणि तितकी सरासरी कमी लागते. म्हणून प्रत्येक सरासरीशेजारी ‘शंभर टोकनांपैकी किती जण आलेच नाहीत’ हा आकडा लिहायचाच. त्यांची वाट कितीची धरायची? बोलावेपर्यंत ते थांबले नव्हते एवढंच आपल्याला ठाऊक, कधी गेले ते फाइल सांगत नाही. अंदाज घालू नका, नुसती संख्या द्या.

आपल्या शहरात या ‘न आलेल्यां’त एक खास प्रकार आहे. मी ज्या शाखेचं काम केलं ती पूर्व भागातली होती, तिथं निम्म्या आज्या घरात तेलुगू बोलणाऱ्या. मशीन मराठी-इंग्रजीत पुकारायचं, पाटीवरचा लाल आकडा लांबून दिसायचा नाही. आजी हॉलमध्येच बसलेली, पण तिचं टोकन निघून गेलं. मग कोणीतरी तिला सांगायचं, ती मशीनकडे जाऊन नवं टोकन घ्यायची आणि पुन्हा बसायची. फाइलमध्ये काय दिसतं? एक माणूस आलाच नाही, आणि एक माणूस तीस मिनिटं थांबला. खरं तर एकच आजी तासाच्या वर बसली होती. हे फाइलवरून सिद्ध करता येत नाही, पण सुगावा लागतो: एखाद्या सेवेत न आलेलं टोकन आणि त्यानंतर पाच-दहा मिनिटांत त्याच सेवेचं नवं टोकन, अशा जोड्या वरचेवर दिसायला लागतात. आम्ही वॉचमनमामांना पेन्शनचे नंबर तेलुगूतूनही पुकारायला सांगितलं. मामा तिथलेच, त्यांना काय अवघड. त्यानंतर ‘न आलेले’ उघडच कमी झाले, आणि गंमत म्हणजे सरासरी वाट थोडी वाढली, कारण ज्यांच्या ओळी आधी गळत होत्या त्या आता मोजल्या जाऊ लागल्या. वरून लगेच फोन, ‘वाट का वाढली?’ समजावताना नाकी नऊ आले.

आता काउंटर. काउंटरबद्दल फाइलला दोनच गोष्टी विचारा: एका टोकनाला किती वेळ लागला, आणि दोन टोकनांमध्ये किती वेळ गेला. पहिली म्हणजे F वजा E, दुसरी म्हणजे त्याच काउंटरच्या पुढच्या ओळीचा E वजा या ओळीचा F. फाइल तारीख, काउंटर आणि बोलावण्याची वेळ या क्रमाने लावली की दुसरीही एका साध्या वजाबाकीत येते. तेवढं वेगळ्या प्रतीवर करा, म्हणजे K चा हिशेब बिघडणार नाही, आणि F रिकामा असलेल्या ओळी त्या प्रतीतून आधी काढा.

माझी खुलाशाची गोष्ट हीच. तिथंही चार नंबर पेन्शनचं, आणि अकराच्या तासातली पेन्शनची वाट तासाच्या वर. मी काउंटरवार सरासरी केली, चार नंबर लाल केला आणि पाठवून दिला. सरांनी लेखी उत्तर दिलं, मला मात्र झोप लागेना म्हणून पुन्हा फाइल उघडली. एका टोकनाला ते पाच-साडेपाच मिनिटं घेत होते, पेन्शनच्या कामाला हे अजिबात जास्त नाही. पण दोन टोकनांमधला वेळ बघितला तर जवळजवळ रोज अकराच्या थोडं पुढे एक मोठी खिंड. ११:०५ च्या सुमारास शेवटचं टोकन संपलेलं, पुढचं १२:१० च्या आसपास. आणि त्याच वेळात पेन्शनची रांग वाढतेय.

जाऊन विचारलं तर कळलं की सर एटीएमचे जॉइंट कस्टोडियन. एटीएममध्ये रोकड भरायला दोघं लागतात, एकट्याने ते उघडताच येत नाही. दुसऱ्या कस्टोडियनला सवड व्हायची अकराला, म्हणून हे दोघं अकराला जायचे, भरायचे, मोजणी जुळवायचे, रजिस्टर लिहायचे. तासभर जायचाच. पेन्शनचं टोकन दुसऱ्या कुठल्याच काउंटरला जोडलेलं नव्हतं, त्यामुळे तोवर रांग जागची हलत नव्हती. मॅनेजर साहेबांनी दोन गोष्टी केल्या: रोकड भरायची वेळ दुपारी तीननंतर नेली, आणि पेन्शनची टोकनं तीन नंबरलाही जोडली. पुढच्या महिन्यात ती खिंड दिसली नाही आणि अकराच्या तासातली पेन्शनची वाट कॅशच्या बरोबरीला आली. सरांचा कामाचा वेग होता तेवढाच राहिला.

तुमच्या चार नंबरमध्येही खिंड शोधा, पण सापडली म्हणून लगेच ‘जागेवर नव्हते’ असं लिहू नका. ओळखीचं माणूस टोकन न घेता येतं, एखादी आजी परत येऊन सही विचारते, फोन येतो. हे सगळं मशीनच्या लेखी रिकामा वेळच. शिवाय बोलावल्यापासून गिऱ्हाईक खुर्चीवरून उठून काउंटरपर्यंत येतं, तो वेळ सरांच्या कामात धरला जातो. गुडघे धरून चालणाऱ्या पेन्शनरांच्या रांगेत हा काही थोडा नसतो. त्यामुळे तीन नंबर आणि चार नंबर यांची तुलना सेवा सारखी असेल तरच करायची. एखादं टोकन एका काउंटरवरून दुसरीकडे पाठवलेलं असेल तर त्याच्या दोन ओळी येतात. आपल्या K ने दुसरी गळते, ते वाट पाहण्यासाठी ठीक, पण काउंटरच्या कामात ती मोजायला हवी.

तक्ता पाठवण्याआधी एक सोमवार, साडेदहा ते साडेअकरा, हॉलमध्ये मशीनजवळच्या खुर्चीत वही घेऊन बसा. वीसेक टोकनं डोळ्यांनी टिपा: कधी घेतलं, कधी पुकारलं, माणूस खरंच गेलं का, बिनटोकनाचे किती घुसले. संध्याकाळी त्या वीस ओळी फाइलशी ताडून बघा. मिनिटभराचा फरक चालेल. फाइल दहा मिनिटं वेगळं सांगत असेल तर अजून काहीतरी साफ व्हायचं राहिलंय.

रिजनल ऑफिसला काउंटरवार वाट हवीच असेल तर नाही म्हणू नका, पण ओळीच्या डोक्यावर काउंटरच्या नंबराबरोबर सेवा लिहा: ‘चार – पेन्शन’. शेजारी टोकनांची संख्या, न आलेले, आणि एका टोकनाला लागलेला वेळ. ज्या चौकटीत महिन्याला वीसपेक्षा कमी टोकनं आहेत तिथं सरासरी न लिहिता नुसती संख्या द्या, दोन-तीन माणसांच्या रडकथेवर तास लाल होऊ नये. टोकनासोबत मोबाइल नंबर घेणारं मशीन असेल तर तो रकाना फाइल ग्रुपवर टाकण्याआधी काढून टाका. आणि चार नंबरची ओळ पाठवण्याआधी सरांना एकदा दाखवा, खिंडीचं कारण तुमच्याआधी त्यांनाच ठाऊक असेल.